दोन परीक्षक, एकच गठ्ठा: स्पिअरमन घ्यावा की केंडॉल?

निबंधाचे तेच दहा पेपर दोघांनी स्वतंत्रपणे तपासले, की दोघांचं कितपत जमलं हे आकड्यात सांगावं लागतं. निबंधाला एकाने १४ आणि दुसऱ्याने १२ दिले म्हणून लगेच मतभेद म्हणता येत नाही, कारण प्रत्येकाचा हात कमी-अधिक सढळ असतो. म्हणून पेपर चांगल्यापासून कमकुवतापर्यंत लावायचे आणि दोघांचे क्रम ताडून पाहायचे, ही पद्धत रूढ झाली. त्यासाठी दोन मापं सर्रास वापरली जातात. स्पिअरमनचं माप १९०४ सालचं आहे. चार्ल्स स्पिअरमन मानसशास्त्रज्ञ होता आणि त्या काळात तो शाळेतल्या मुलांच्या विषयवार क्रमांकांवरच काम करत होता. मॉरिस केंडॉल या संख्याशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये दुसरं माप मांडलं. दोन्ही मापं −१ ते +१ या दरम्यान असतात, दोन्हींत १ म्हणजे क्रम तंतोतंत सारखा. त्यामुळे कुठलंही घेतलं तरी चालेल असं वाटतं, आणि तसं ते नाही.

स्पिअरमनमध्ये प्रत्येक पेपरचे दोन क्रमांक घेऊन त्यांतला फरक (d) काढतात, त्याचा वर्ग करतात आणि सगळ्या वर्गांची बेरीज, म्हणजे Σd², सूत्रात घालतात. n म्हणजे पेपरांची संख्या आणि ρ म्हणजे ऱ्हो, स्पिअरमनचं माप:

ρ = 1 − 6Σd² / (n(n² − 1))

केंडॉल पेपरच्या जोड्या मोजतो. दहा पेपरांच्या ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीबद्दल एकच प्रश्न विचारायचा: या दोघांतला वरचा कुठला, यावर दोन्ही परीक्षकांचं एकमत आहे का? एकमताच्या जोड्यांतून उलट लागलेल्या जोड्या वजा करायच्या आणि ४५ ने भागायचं. τ (टाऊ) म्हणजे एवढंच.

आता एक उदाहरण. पहिल्या परीक्षकाने लावलेला क्रम डावीकडे आहे. शेजारी दुसऱ्या परीक्षकाच्या दोन शक्यता दिल्या आहेत.

| पेपर | पहिला परीक्षक | दुसरा: शक्यता १ | दुसरा: शक्यता २ |
|---|---|---|---|
| क | १ | १ | ३ |
| ख | २ | ९ | २ |
| ग | ३ | २ | १ |
| घ | ४ | ३ | ६ |
| च | ५ | ४ | ५ |
| छ | ६ | ५ | ४ |
| ज | ७ | ६ | ८ |
| झ | ८ | ७ | ७ |
| ट | ९ | ८ | ९ |
| ठ | १० | १० | १० |

शक्यता १ मध्ये खरं भांडण एकाच पेपरवर आहे. ‘ख’ दुसऱ्यावरून नवव्यावर गेला आणि त्याच्या खालचे सात पेपर एकेक पायरी वर सरकले. ‘ख’ बाजूला काढला तर उरलेल्या नऊंचा क्रम हुबेहूब सारखा आहे. शक्यता २ मध्ये कुठलाच पेपर दोन पायऱ्यांपेक्षा जास्त हललेला नाही, मात्र सहा पेपर थोडेथोडे सरकले आहेत.

केंडॉलच्या हिशेबात या दोन शक्यतांत काहीही फरक नाही. दोन्हींत उलट्या लागलेल्या जोड्या सात आणि एकमताच्या ३८, म्हणून दोन्हीकडे τ = ०.६९. स्पिअरमन मात्र त्यांना अगदी वेगळं ठरवतो. शक्यता १ मध्ये Σd² येते ५६, आणि त्यातले ४९ एकट्या ‘ख’चे आहेत. ρ = ०.६६. शक्यता २ मध्ये Σd² फक्त १८, म्हणून ρ = ०.८९.

निवड करणाऱ्याने इथेच थांबून विचार करावा. ज्या मुलीचा निबंध ‘ख’ आहे तिच्या दृष्टीने शक्यता १ फार वाईट आहे. एका परीक्षकाने तिला बक्षीस दिलं असतं आणि दुसऱ्याने शेवटून दुसरी बसवली. शक्यता २ मध्ये कोणावरही असा अन्याय झालेला नाही; पहिले तीन पेपर तेच राहिले, फक्त त्यांच्यात अदलाबदल झाली. शेजारशेजारच्या निबंधांत वर-खाली होणं मी फारसं मनावर घेत नाही, कारण तोच परीक्षक महिन्याने तेच पेपर लावायला बसला तरी तेवढं होईलच. पण दुसऱ्याचा नववा होणं म्हणजे दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींना गुण दिले. एकाला विषय सोडून केलेली मांडणी धाडसी वाटली असेल आणि दुसऱ्याने तिला विषयांतर म्हटलं असेल. असे पेपर शोधायचे असतील, म्हणजे परीक्षकांना एकत्र बसवून निकष पक्के करायचे असतील, तर स्पिअरमन घ्यावा. त्यात फरकाचा वर्ग होत असल्याने मोठी उडी झाकली जात नाही. आणि नुसता ρ बघून गठ्ठा मिटू नये. d² चा स्तंभ उतरत्या क्रमाने लावला की कुठल्या पेपरवर बोलायचं हे समोर येतं.

केंडॉलची बाजू अशी की त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगता येतो. τ = ०.६९ म्हणजे कुठलेही दोन पेपर उचलले तर ४५ पैकी ३८ जोड्यांत दोघांचं उत्तर एकच. मुख्याध्यापकांना किंवा स्पर्धेच्या आयोजकांना हे वाक्य लगेच कळतं. ρ = ०.६६ चं असं सरळ वाक्य होत नाही. एक काळजी मात्र घ्यावी: त्याच पेपरांवर τ बहुधा ρ पेक्षा लहान येतो. म्हणून ‘०.८ च्या वर हवं’ असा स्पिअरमनसाठी ठरवलेला उंबरठा केंडॉलला लावला, तर चांगले परीक्षकही नापास होतील. कोणत्या मापासाठी उंबरठा आहे हे नियमातच लिहून ठेवावं.

खरी गुंतागुंत होते ती समान गुणांमुळे. परीक्षक सहसा क्रम लावत नाहीत, गुण देतात, आणि २० पैकी गुण द्यायचे म्हटलं की निबंध ११ ते १४ मध्ये अडकतात. समजा पहिल्याने दहाही पेपर वेगवेगळे लावले आणि दुसऱ्याने त्याच क्रमाने गुण दिले: १४, १४, १३, १३, १३, १२, १२, १२, १२, ११. एकही जोडी उलटी नाही, पण दहा जोड्यांबद्दल दुसऱ्याने काही ठरवलेलंच नाही. स्पिअरमनसाठी समान गुणांना सरासरी क्रमांक देतात (दोन्ही १४ ना १.५, तिन्ही १३ ना ४, असं पुढे). वरचं सूत्र अशा वेळी काटेकोर राहत नाही, सरासरी क्रमांकांवर साधा सहसंबंध काढावा लागतो. या उदाहरणात दोन्ही वाटांनी ०.९५ च येतं. केंडॉलमध्ये मात्र उत्तर तुम्ही कुठला τ घेता यावर ठरतं. सगळ्या ४५ जोड्यांनी भागलं तर ३५/४५, म्हणजे ०.७८. समान गुणांची सूट देणारा ‘टाऊ-बी’ घेतला तर ०.८८. संगणकावर बहुतेक ठिकाणी टाऊ-बी मिळतो आणि हाताने मोजणारा पहिला काढतो, मग एकाच गठ्ठ्याचे दोन अहवाल जुळत नाहीत. अहवालात प्रकाराचं नाव हवंच. गुण मोजक्याच आकड्यांत गोळा झाले असतील तर तुलनेसाठी मी टाऊ-बी घेईन, आणि शेजारी ‘इतक्या जोड्यांत समान गुण’ हेही लिहीन, कारण सगळ्यांना १२-१३ देऊन मोकळं होणारा परीक्षक तिथेच सापडतो.

एक्सेलमध्ये स्पिअरमन सहज निघतो. गुण B आणि C स्तंभांत असतील तर D2 आणि E2 मध्ये पहिली दोन सूत्रं घालून खाली ओढायची, मग तिसरं:

```
=RANK.AVG(B2,B$2:B$11,0)
=RANK.AVG(C2,C$2:C$11,0)
=CORREL(D2:D11,E2:E11)
```

केंडॉलसाठी एक्सेलमध्ये तयार सूत्र नाही. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत, x आणि y मध्ये दोघांचे गुण ठेवून, `cor(x, y, method="kendall")` लिहिलं की टाऊ-बी मिळतो.

स्पर्धेसाठी दोन्ही मापांची एक उणीव लक्षात ठेवावी लागते. पहिल्या-दुसऱ्यातली अदलाबदल आणि नवव्या-दहाव्यातली अदलाबदल त्यांना सारखीच. समजा दुसऱ्या परीक्षकाने ‘क’ चौथा ठेवला, ख, ग, घ एकेक पायरी वर गेले आणि बाकी सगळं सारखं. ρ येतो ०.९३ आणि τ येतो ०.८७, दोन्ही छान दिसतात. पण एकाचा पहिला निबंध दुसऱ्याच्या पहिल्या तिनात नाही. बक्षिसं तीनच असतील तर आधी दोघांच्या पहिल्या पाचांची नावं शेजारी मांडा, आकडा त्यानंतर.

दहावीसारख्या परीक्षेत प्रश्न क्रमाचा नसून उत्तीर्ण होण्याचा असतो, आणि तिथे क्रमावरून काढलेलं कुठलंही माप एकटं पुरत नाही. दुसऱ्या परीक्षकाने प्रत्येक निबंधाला चार गुण कमी दिले तरी क्रम तोच राहतो आणि ρ, τ दोन्ही १ येतात. वीसपैकी ९ मिळालेल्या मुलाला त्याच्याकडे ५ मिळतात, म्हणजे ३५ टक्क्यांच्या रेषेच्या वरचा मुलगा खाली येतो, आणि अहवालात ‘पूर्ण सहमती’ लिहिलेलं असतं. बोर्डाच्या पद्धतीत परीक्षकावर नियामक असतो तो हाताचा हा सढळपणा-कडकपणाही पकडण्यासाठी. म्हणून गुणांचा निकाल लागणार असेल तर दोघांच्या गुणांतला सरासरी फरक ρ च्या शेजारी मांडलाच पाहिजे.

दोन आकड्यांची तुलना करण्याआधी गठ्ठे कसे निवडले हेही पाहावं. वर्गातली अगदी हुशार पाच मुलं आणि अगदी मागची पाच, असा गठ्ठा दिला तर कोणतेही दोन परीक्षक ०.९ च्या आसपास पोहोचतील. सगळे मधलेच निबंध दिले तर तेच परीक्षक ०.५ वर येतील. म्हणून एका केंद्राचा ρ दुसऱ्या केंद्राशी ताडायचा तर दोन्हीकडे तेच पेपर हवेत. आणि दहा पेपर मुळात थोडेच आहेत. दहांवर निघालेला ०.८९ हा खरा साधारण ०.६ ते ०.९७ यांत कुठेही असू शकतो. ‘दहा पेपरांना ०.६४८ च्या वर ρ आला की लक्षणीय’ असा तक्ता पुस्तकात असतो, पण दोघांत काही संबंधच नाही ही शक्यता नाकारता येते का, एवढंच तो सांगतो. दोन शिक्षकांनी तेच निबंध वाचले तर संबंध असणारच. तो पुरेसा आहे का, हे त्या तक्त्यातून कळत नाही. निदान तीस पेपर घ्यावेत.

शेवटी, तपासणी खरोखर स्वतंत्र हवी, नाहीतर माप कुठलंही असो, आकडा फुगतो. पहिल्याच्या लाल खुणा आणि गुण दिसणाऱ्या पेपरवर दुसरा परीक्षक नकळत जवळपासचेच गुण देतो. त्यामुळे पहिल्याकडे पेपर जाण्याआधीच झेरॉक्स काढा, त्यावरची नावं झाका, आणि दुसऱ्याला गठ्ठा वेगळ्या क्रमाने लावून द्या. सगळ्यात चांगल्या निबंधानंतर लगेच वाचलेला निबंध दोघांनाही फिका वाटतो. गठ्ठ्याचा क्रम तोच ठेवला, तर ही दोघांची सारखी चूकसुद्धा सहमती म्हणून मोजली जाते.