फ्रीजच्या कप्प्यांचे फोटो काढून मांडणी बदलली: फेब्रुवारी ते सप्टेंबरचा अनुभव

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसकडे. घरात सहा माणसं आणि १९० लिटरचा एका दाराचा फ्रीज. फेब्रुवारीत लागोपाठ दोन आठवडे वरण आंबलं, एक वाटी भरीत तर मागच्या कोपऱ्यात बुरशी धरून सापडलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, एकाच जागी उभं राहून, फ्रीजचा एक फोटो काढते आणि त्या आठवड्यात काय फेकलं ते कॅलेंडरवर लिहिते. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "फ्रीजचा फोटू काढून कोनाले दाखवतं वं?"

दाखवला जाऊबाईंना. फोटो हातात देऊन विचारलं, कालचं वरण कुठं आहे? पहिल्या फोटोत त्यांना नुसते स्टीलचे डबे दिसले, सगळे सारखे. अकरा डब्यांपैकी तीन ओळखले, तेही झाकण नसलेले. माझी परीक्षा तेव्हापासून हीच आहे: फोटोतून जे ओळखू येत नाही, ते घरातल्या कोणालाही दिसत नाही.

म्हणून मार्चमध्ये पारदर्शक डबे आणले. सोबत जाळीच्या कप्प्यांवर अंथरायला फुलाफुलांच्या प्लास्टिकच्या मॅटही. डबे एकाला एक लावून भिंतीपर्यंत बसवले. आठही महिन्यांतला देखणा फोटो तोच, जाऊबाईंनी सगळं ओळखलं. आणि त्याच पंधरवड्यात सगळ्यात जास्त फेकलं. वरच्या कप्प्यात मागे ठेवलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, गोठून काळा पडला, खालच्या कप्प्यातलं वरण दुसऱ्याच दिवशी तार धरू लागलं. मी नॉब वाढवला, तर वर दह्यात बर्फाचे खडे झाले आणि खाली काही फरक नाही.

उलगडा मेकॅनिक आला तेव्हा झाला. आमच्या फ्रीजमध्ये आत पंखा नाही. गारवा वरच्या फ्रीझरमधून येतो, थंड हवा जड म्हणून जाळीतून खाली उतरते आणि गरम हवा वर जाते. मॅटने ती वाटच बंद केली होती. शिवाय थर्मोस्टॅटची नळी फ्रीझरलाच चिकटलेली. वर थंड झालं की मशीन समजतं काम झालं आणि बंद होतं. खालच्या वरणाची त्याला खबरच नाही. तो म्हणाला, "ताई, मॅट काढा, मग नॉबले हात लावा."

त्याचं ऐकण्याआधी मी मोजून पाहिलं. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी वाचला. नुसत्या हवेत ठेवला तर दार उघडताच आकडा पळतो, म्हणून पाणी. वर २ अंश, खाली ११. मॅट काढल्या, डबे मागच्या भिंतीपासून दोन बोटं आणि एकमेकांपासून एक बोट दूर केले, नॉब परत मधे आणला. दोन दिवसांनी वर ४, खाली ६. मला हवा असलेला नेमका ५ अंश अजून सगळीकडे मिळालेला नाही, आणि दाराचा कप्पा तर उन्हाळ्यात त्याहून गरमच राहिला. दूध दारातून काढलं, तिथे आता लोणचं आणि पाण्याच्या बाटल्या.

आता फोटोत मी दोन गोष्टी बघते. डब्यांमधून मागची भिंत दिसते का, आणि उंच भांडं पुढे तर नाही ना. शिजलेलं अन्न डोळ्यासमोरच्या कप्प्यात, बुटके डबे पुढे, उंच मागे. स्टीलचे डबे फेकले नाहीत. झाकणावर नाही, पुढच्या बाजूला कागदी टेप लावून वार लिहिते. झाकणावरचं लिहिलेलं फोटोतही दिसत नाही अन् वाकल्याशिवाय आपल्यालाही. दुधाचं मोठं पातेलं मात्र जागा खातंच, त्याला उपाय सापडला नाही.

तक्रारी दोन. फोटो गारवा दाखवत नाही. मे महिन्यात फोटो अगदी मोकळा, तरी दूध नासलं, कारण फ्रीझरवर बोटभर बर्फ चढला होता आणि मी डीफ्रॉस्टचं बटण महिनाभर दाबलं नव्हतं. दुसरी, लाइट गेल्यावर कुठलीच मांडणी कामाची नाही. दार बंद ठेवलं तर चारेक तास अन्न टिकतं, म्हणून त्या दिवशी फोटो नाही, दूध काढायलाही एकदाच दार. पोट्ट्यांना हे पटवायलाच वेळ लागला.

आकडे माझ्या कॅलेंडरचे: मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात नऊ वेळा फेकलं, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोनदा. ऑगस्ट थंड असतो, हे खरं, त्यामुळे सगळं श्रेय मांडणीला देत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पारा चढलेला असतानाही, तीनच होते.

फुलांच्या मॅट आता सासूबाईंच्या पापडांखाली आहेत. त्यांना त्या आवडतात.