नवी म्हणून विकलेली जुनी हार्डडिस्क: नॅसचा रिबिल्ड अर्ध्यात का थांबला

बेळगावात शहापूर भागातल्या एका फोटो स्टुडिओत चार डिस्कांचा नॅस बॉक्स आहे, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या पीसींना फाइली देणारा साठवणीचा डबा. प्रत्येक डिस्क ४ टीबीची, चारही रेड ५ मध्ये जोडलेल्या, आत गिऱ्हाइकांच्या लग्नांचे फोटो. पावसाळ्यात एका सकाळी बॉक्स बीप करू लागला, तिसऱ्या डिस्कचा दिवा नारिंगी झाला आणि स्क्रीनवर `Degraded` आलं.

याचा अर्थ डेटा गेला असा नाही. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी उरलेल्या तीन डिस्कांवरून सगळं वाचता येतं. दुसरी गेली की मात्र संपलं. म्हणून घाई करायची ती बॅकअपची. नवी डिस्क दोन दिवस उशिरा आली तरी चालते. स्टुडिओवाल्यांनी मात्र आधी बाजार गाठला.

दुकानात सील नसलेली डिस्क मिळाली, दुसरीकडच्या भावापेक्षा स्वस्त. "पाकीट कशाला पाहिजे की मामा, आतला माल कंपनीचाच आहे," असं सांगून दुकानदाराने पैसे यूपीआयवर घेतले आणि बिल दिलं नाही. बॉक्सने डिस्क स्वीकारली, रात्री रिबिल्ड, म्हणजे उरलेल्या तीन डिस्कांवरून चौथीचा डेटा परत बांधणं, सुरू झाला आणि ६२ टक्क्यांवर थांबला. नव्या डिस्कवर लिहिताना एरर येत गेल्या, म्हणून बॉक्सने ती बाहेर काढली.

खरा धोका यानंतरचा होता. दुकानदाराने फोनवर सांगितलं, "तुमचा बॉक्सच खराब आहे, सगळं फॉरमॅट करून परत सेट करा." ते ऐकलं असतं तर तीन चांगल्या डिस्कांवरचा डेटाही पुसला गेला असता. डिस्क बदलताना फक्त 'रिपेअर' किंवा 'रिबिल्ड' निवडायचं. स्टोरेज पूल नव्याने तयार करा किंवा इनिशियलाइझ करा असं स्क्रीनवर दिसलं तर तिथेच थांबायचं.

स्टुडिओवाल्यांच्या भाच्याने ती डिस्क लिनक्सच्या पीसीला थेट साटा केबलने जोडून तपासली:

```
smartctl -A /dev/sdb | grep Power_On
smartctl -l farm /dev/sdb
```

पहिल्या ओळीत चाललेले तास ९ दिसले, म्हणजे फक्त त्या रात्रीचे. दुसऱ्या कमांडने मात्र `Power on Hours` ३१,००० च्या वर दाखवले, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड चाललेली डिस्क. पहिला आकडा विकणारे शून्यावर आणतात. फार्म ही सीगेटच्या डिस्कांमधली वेगळी नोंद आहे, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वापरलेल्या सीगेट डिस्का दुकानांतून नव्या म्हणून विकल्या जात असल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत उघड झालं, तेही याच नोंदीमुळे. ती वाचायला `smartctl` ज्यात येतो त्या स्मार्टमॉनटूल्सची ७.४ किंवा पुढची आवृत्ती लागते. दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर ही नोंद नसते. तिथे सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघा, आणि साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर व स्क्रूच्या भोकांत ओरखडे आहेत का तेही पाहा.

त्या रात्रीचा आणखी एक तोटा झाला. रिबिल्डमध्ये उरलेल्या तीन डिस्कांचा कोपरान् कोपरा वाचला जातो. त्या ताणात पहिल्या डिस्कवर `Current_Pending_Sector` ८ झाला, म्हणजे आठ जागा नीट वाचता येत नव्हत्या. पुढच्या रिबिल्डमध्ये अशी जागा आली की तेवढा भाग परत बांधता येत नाही, आणि काही बॉक्स तिथेच थांबतात. म्हणून या वेळी आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कांवर कॉपी केले आणि त्यातले बरेच उघडून पाहिले.

मग जीएसटी बिलासह, बिलावर सीरियल नंबर लिहून घेऊन, ४ टीबीची दुसरी डिस्क आणली. बॉक्समध्ये घालण्याआधी तिच्यावर `smartctl -t long /dev/sdb` ही लांब तपासणी चालवली, त्याला आठ-नऊ तास लागले. बिघडलेली डिस्क काढताना कप्प्याचा क्रमांक धरला नाही, कारण काही बॉक्स शून्यापासून मोजतात आणि चुकून चांगली डिस्क ओढली की डिस्कांची सगळी जोडणी बंद पडते. स्क्रीनवरचा सीरियल नंबर डिस्कच्या लेबलशी जुळवला. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॉक्स यूपीएसवर ठेवला. साधारण दहा तासांनी `/proc/mdstat` मधलं `[UU_U]` बदलून `[UUUU]` झालं, म्हणजे चारही डिस्का चालू. आठ दिवसांनी पहिली डिस्कही याच पद्धतीने बदलली.

पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, दुकानदाराचे मेसेज आणि फार्मची प्रिंट हाताशी होती. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. डिस्क दुकानात परत देण्याआधी लेबलचा फोटो काढून ठेवा. एकदा ती हातातून गेली की तीच डिस्क होती हे दाखवायला तेवढाच पुरावा उरतो.