कॉलर माइक 8 महिने वापरून: नॉइज कॅन्सलचं बटण कधी दाबायचं आणि कधी नाही

आठ महिने झाले हा वायरलेस कॉलर माइक वापरतोय, दोन क्लिप आणि मोबाईलला लावायचा टाइप-सी रिसीव्हर असा सेट आहे. घेतला तो कोल्हापुरातल्या गंगावेस भागातल्या जुन्या पैलवानांच्या आठवणी रेकॉर्ड करायला.

पहिल्याच मुलाखतीत मोठी चूक झाली. वस्ताद ऐंशीच्या घरातले, खोलीत पंखा फुल स्पीडला, मी बिनधास्त नॉइज कॅन्सल चालू केलं. घरी येऊन ऐकलं तर पंखा गायब, पण वस्ताद वाक्याच्या शेवटी आवाज खाली घेतात ते शब्दच गिळलेले, आणि स, श ही अक्षरं पाण्यातून बोलल्यासारखी. कारण पंख्याची सर्रसर्र आणि ही अक्षरं बऱ्यापैकी एकाच वरच्या पट्टीत असतात, माइकला फरक कळत नाही, दोन्ही कापतो. आणि एकदा कापलं की फाईलमधनं परत येत नाही. परत गेलो, त्यांनी परत सांगितलं, पण पहिल्यांदा त्यांच्या उस्तादांबद्दल सांगताना जे थांबत थांबत बोलले होते तसं काय आलं नाही. लई वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी बटण बंद ठेवलं आणि क्लिप तोंडापासून वीतभर अंतरावर लावली, सदऱ्याच्या आत नाही, नाहीतर कापड घासल्याचा आवाज येतो. खरा फायदा इथंच आहे. अंतर निम्मं केलं की बोलण्याचा आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो, म्हणजे एक मीटरवर टेबलावर ठेवलेल्या फोनपेक्षा 20 सेंटीमीटरवरच्या क्लिपला जवळपास 14 डेसिबल जास्त मिळतात आणि पंखा मात्र होता तेवढाच राहतो. सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांना गप्प बसवून नुसता खोलीचा आवाज घेतला, मग ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा सिलेक्ट करून Noise Reduction मध्ये Get Noise Profile दिलं, नंतर सगळं रेकॉर्डिंग सिलेक्ट करून परत Noise Reduction उघडलं आणि फक्त 6 डेसिबल कमी केलं. पंखा थोडा ऐकू येतो, येऊ दे, शब्द तरी शाबूत आहेत. जास्त झालंय का हे ओळखायचं तर वायरचा इअरफोन लावून वाक्यांचे शेवट ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर कळत नाही.

कॉलला मात्र मी बटण चालूच ठेवतो, महाद्वार रोडवर उभा राहून बोललो तरी समोरच्याला कळतं, तिथं आवाजाची गोडी कुणाला हवीय. पण गाडीचा हॉर्न किंवा शेजारच्याचं बोलणं यानं नीट जात नाही, एकसारखा चालणारा आवाजच जातो. मोकळ्या हॉलमधला घुमाराही तसाच राहतो. रंकाळ्यावर वाऱ्यात तर बटणाचा उपयोगच नाही, वारा थेट माइकच्या पडद्यावर आदळतो, तिथं माइकला केसाळ टोपीच लागते.

म्हणून घेताना दोनच गोष्टी बघा, नॉइज कॅन्सल पूर्ण बंद करता येतं का, आणि ती टोपी बॉक्समध्ये आहे का.