फुटकी बरणी आणि विक्रेत्याला लिहिलेले पत्र

लोणच्यासाठी चिनीमातीची मोठी बरणी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली आणि ती फुटलेली आली. माल वाहतुकीत फुटला, तेव्हा कुरियरवाल्याकडे दाद मागा, असे विक्रेत्याने कळवले. चिनीमाती किंवा काचसामान मागवणाऱ्यांना हे उत्तर नेहमीच मिळते आणि बहुतेक जण तिथेच नाद सोडतात. मी मात्र छायाचित्रे जोडून लेखी तक्रार केली. तिच्यातला मुख्य भाग असा होता :

“महोदय, पहिल्या छायाचित्रात ऑर्डर क्रमांकाच्या लेबलासह न उघडलेले खोके दिसते. त्याची चिकटपट्टी शाबूत असून एकही कोपरा चेपलेला नाही. दुसऱ्यात खोके उघडल्याबरोबरची स्थिती आहे. बरणीभोवती वर्तमानपत्राचा एकच पदर गुंडाळलेला दिसतो. तिसऱ्या छायाचित्रात सगळे तुकडे पांढऱ्या कापडावर जुळवून मांडले आहेत. तळहाताएवढा एक तुकडा काठाजवळ कमी पडतो आणि तो खोक्यात कुठेही नव्हता. बरणी वाटेत फुटली असती, तर तो तुकडा बंद खोक्यातच सापडायला हवा होता. चौथ्या छायाचित्रात फुटलेली कड जवळून टिपली आहे. तिचा काही भाग पांढरा स्वच्छ आहे, तर उरलेल्या भागावर मळ बसलेला असून त्यावर चिकटवणाऱ्या द्रवाचा पिवळट थर चमकतो. म्हणजे आधीच फुटलेली बरणी जोडून आपण नवी म्हणून विकली आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तरी वितरण शुल्कासह पूर्ण रक्कम परत करावी आणि फुटका माल स्वखर्चाने घेऊन जावा.”

यातला चौथा फोटो सर्वांत मोलाचा ठरला. तो खिडकीपाशी, उजेड तिरपा पडेल असा धरून काढला होता. फ्लॅश मारला असता, तर तो पिवळट थर दिसलाच नसता. तुकडेही मी धुतले नव्हते, कारण धुतल्यावर जुना मळ निघून जातो आणि जुनी फूट कोणती, नवी कोणती, हे सांगता येत नाही.

पत्रानंतर कुरियरची भाषा थांबली आणि पार्सल उघडतानाच्या व्हिडिओची मागणी सुरू झाली. ही अट ना बिलावर होती, ना वस्तूच्या पानावर. तसे मी दोन्हींचे फोटो जोडून कळवले. याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे, याचीही आठवण दिली. अखेर बरणीची किंमत खात्यात जमा झाली. वितरण शुल्क मात्र त्यांनी कापून घेतले असून, त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर हीच छायाचित्रे उपलब्ध असल्याचे सांगून तक्रार नोंदवली आहे.