मोलर मास काढायचंय: फॉइलवाला फ्लास्क घ्यावा की कॉकवाला बल्ब?

अ‍ॅसिटोनसारखं पटकन उडणारं लिक्विड असेल तर त्याची वाफ करून, वजन करून मोलर मास काढता येतं, आयडिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ड्यूमाची, १८२६ सालची. सूत्र तेच आपलं, M = mRT/PV. पण करायचं कसं याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे साधा कोनिकल फ्लास्क, तोंडाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल, फॉइलला टाचणीचं भोक. दुसरा म्हणजे गोल काचेचा बल्ब, जो वाफ भरल्यावर बंद करून टाकायचा. मूळ पद्धतीत त्याचं निमुळतं टोक ज्योतीवर वितळवून सील करायचे, आता कॉक असलेला बल्ब मिळतो. बरेच जण डोळे झाकून फॉइल घेतात. बहुतेक वेळा ते ठीकच आहे, पण त्यात एक चोर लपलेला असतो तो माहीत हवा.

आधी फॉइलवाला बघू. कोरडा फ्लास्क, फॉइल आणि रबरबँड एकत्र वजन करा. मग ३-४ मिली लिक्विड टाका, फॉइल घट्ट बांधा, आणि मानेपर्यंत उकळत्या पाण्यात बुडवून ठेवा. लिक्विड उडतं, वाफ आतली हवा बाहेर ढकलते, जास्तीची वाफही भोकातून निघून जाते. फ्लास्क उजेडासमोर धरला की भोकाच्या वर हवा थरथरताना दिसते, ती थांबली आणि तळाला थेंब उरला नाही की अजून मिनिटभर थांबायचं आणि काढायचं. लवकर काढलात तर उरलेलं लिक्विड पण वाफ म्हणून मोजलं जातं आणि उत्तर वाढतं, आणि चहा प्यायला गेलात तर भोकातून हवा आत शिरत राहते, उत्तर घटतं. थंड झाला की बाहेरून पुसून पुन्हा वजन. आणि फॉइलच्या कडेखाली पाणी अडकलंय का ते बघा हो, एक छोटा थेंब म्हणजे ०.०५ ग्रॅम, आणि आपली अख्खी वाफच पाव ग्रॅमच्या आसपास असते!

आता चोर. फ्लास्क थंड झाल्यावर वाफेचं लिक्विड होतं आणि बाहेरची हवा भोकातून परत आत येते, म्हणून आपण समजतो की हवा आधी होती तेवढीच आहे, वजनातला फरक म्हणजे वाफ. पण तसं नसतं. अ‍ॅसिटोन २५ अंशालाही गप्प बसत नाही, त्याचा बाष्पदाब तेव्हा साधारण ३०.८ किलोपास्कल असतो, म्हणजे फ्लास्कमधली बरीच जागा त्याच्याच वाफेने अडवलेली असते आणि तेवढी हवा परत येतच नाही. दुसऱ्या वजनात हवा कमी, म्हणून फरक कमी, म्हणून मोलर मास कमी.

किती कमी ते आकड्यात बघा. समजा हवेचा दाब ९५.० किलोपास्कल, पाणी उकळतंय ९८.२ अंशाला म्हणजे ३७१.४ केल्विन, फ्लास्कचं काठोकाठ आकारमान ०.१४८ लिटर, आणि वजनातला फरक ०.२१७ ग्रॅम. सरळ सूत्रात टाकलं की ४७.७ येतं. अ‍ॅसिटोन आहे ५८.१! इथे गंमत बघा, इथेनॉलचं ४६.१ आहे, ते पण उकळत्या पाण्यात उडतं, म्हणजे अनोळखी लिक्विड दिलं असेल तर तुम्ही बिनधास्त इथेनॉल लिहून मोकळे व्हाल.

सुधारायला फार कष्ट नाहीत. त्या फ्लास्कमध्ये २५ अंशाला भरलेली हवा ०.१६४ ग्रॅम असते. तिच्यातला ३०.८/९५.० एवढा भाग, म्हणजे ०.०५३ ग्रॅम, परत आला नाही. तो फरकात मिळवा, ०.२७० ग्रॅम होतात, उत्तर ५९.३. राहिलेला दोनेक टक्के जास्तीचा भाग बराचसा वाफ आदर्श वायूसारखी वागत नाही म्हणून, त्याला वर्गातल्या प्रयोगात हात लावायची गरज नाही.

अजून एक फसवणूक, ही मला फार आवडते. फ्लास्कवर १२५ मिली छापलेलं असतं, पण वाफ काठापर्यंत भरते. कोणी हवेची दुरुस्ती केली नाही आणि आकारमानही १२५ धरलं तर उत्तर येतं ५६.४. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि माणूस म्हणतो वा, मस्त आलं की. म्हणून काठोकाठ पाणी भरून मापायचंच, ते टाळू नका.

आता बंद बल्ब. वाफ निघणं थांबलं की बल्ब गरम पाण्यात असतानाच कॉक बंद. आत गेलेलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. थंड झाल्यावर आत थेंब झाले, वाफ उरली, काहीही असो, एकूण वजन तेच. त्यामुळे इथे बाष्पदाब लागतच नाही, आणि हाच बल्बचा खरा फायदा. फक्त हवेची दुरुस्ती इथेही असते, उलट पूर्ण असते, कारण पहिल्या वजनात बल्ब हवेने भरलेला होता, ती सगळी गेली. म्हणून फरकात बल्बभर हवेचं वजन मिळवायचं. पंप असेल तर आधी बल्ब रिकामा करून वजन करा, मग तेही नको.

तोटे? कॉकला ग्रीस लावलेलं असेल तर अ‍ॅसिटोन ते विरघळवतं आणि वजनाचा पार घोळ होतो, म्हणून टेफ्लॉनचा कॉक. थंड झाल्यावर आत दाब कमी होतो, गोल बल्बला चालतं, पण कोनिकल फ्लास्कला बूच मारून हाच प्रयोग करायचा जुगाड करू नका, सपाट तळाची काच आत फुटू शकते. आणि टोक ज्योतीवर सील करायची जुनी रीत ज्वलनशील लिक्विडसाठी विसराच, भोकातून अ‍ॅसिटोनची वाफ येतेय आणि तुम्ही बर्नर धरताय! फॉइललाही हॉटप्लेटच, ज्योत नाही.

मग घ्यायचं कोणतं? लिक्विड ७५-८० अंशाला उकळणारं असेल तर फॉइल. इथेनॉलचा बाष्पदाब २५ अंशाला फक्त ७.९ किलोपास्कल आहे, दुरुस्ती विसरलात तरी फटका साडेसहा टक्क्यांचा. ५०-६० ला उकळणारं असेल तर दुरुस्तीशिवाय फॉइल वापरूच नका.

अनोळखी असेल आणि बाष्पदाब माहीत नसेल तर लोक म्हणतात बल्बच हवा. मला नाही पटत. उत्कलनबिंदू मोजा आणि अंदाज काढा: P = १०१.३ × e चा घात −१०.६(Tb/T − १), Tb म्हणजे उत्कलनबिंदू आणि T म्हणजे खोलीचं तापमान, दोन्ही केल्विनमध्ये. ५६ अंशाला उकळणाऱ्या लिक्विडसाठी ३३.६ येतं, खरं ३०.८ आहे, उत्तर ५९.३ ऐवजी ६०.४ होतं, इथेनॉल नाही हे कळायला पुरे. हा अंदाज अल्कोहोलसारख्यांना तितका बसत नाही, पण तिथे दुरुस्तीच लहान. उत्कलनबिंदू काढण्याइतकं लिक्विडच हातात नसेल, किंवा दोनेक टक्क्यांच्या आत उत्तर हवं असेल, तर मात्र बल्ब घ्या, आणि मग चांगला तराजू पण लागेल, कारण बल्ब जड असतो आणि आपण त्यावर पाव ग्रॅम शोधतोय.