अ‍ॅनालॉगच्या उजळणीचा चार आठवड्यांचा आराखडा: वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरीत वरच्या वर्गातल्या मुलांकडून झेरॉक्स होत आलेला हा आराखडा मी गेल्या हिवाळी परीक्षेला वापरला. आता मालवणची माझी मावसबहीण उन्हाळी परीक्षेसाठी त्यावरच अभ्यास करते आहे. पहिला आठवडा डीसी बायसिंग, दुसरा त्याच सर्किटांचं एसी विश्लेषण, तिसरा फीडबॅक, ऑसिलेटर आणि ऑप-अ‍ॅम्प, चौथा जुन्या प्रश्नपत्रिका.

याची खरी ताकद पहिल्या आठवड्यात आहे. गेनच्या सूत्राला तेव्हा हातही लावायचा नाही, फक्त ऑपरेटिंग पॉइंट काढायचा. उदाहरणार्थ, कॉमन एमिटर सर्किट घ्या. पुरवठा १२ व्होल्ट, डिव्हायडर ४७ किलोओहम आणि १० किलोओहम, कलेक्टरला २.२, एमिटरला १ किलोओहम. बेसवर साधारण २.१ व्होल्ट येतात, ०.७ वजा केले की एमिटरवर १.४. म्हणजे करंट १.४ मिलिअँपिअर, कलेक्टरवर ८.९ व्होल्ट आणि कलेक्टर-एमिटरमध्ये साडेसात. ट्रान्झिस्टर अ‍ॅक्टिव्ह आहे.

आता कलेक्टरचा रेझिस्टर १० किलोओहम करा. त्यावर १४ व्होल्ट पडायला हवेत, पण पुरवठाच १२ चा! उत्तर असं अशक्य आलं की ट्रान्झिस्टर सॅच्युरेट झालेला असतो, आणि गेनचं नेहमीचं सूत्र तिथे लावताच येत नाही. ही तपासणी अंगवळणी पडली की मोठ्या गणितात मार्क जात नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात पहिलंच, २.२ किलोओहमचं सर्किट पुन्हा समोर येतं. २६ मिलिव्होल्टला १.४ मिलिअँपिअरने भागलं की एमिटरचा एसी रोध १८.६ ओहम. लोड नसताना गेन सुमारे उणे ११८. एमिटरचा बायपास कपॅसिटर काढला तर तोच जेमतेम उणे २.२ उरतो. डीसी करंट मात्र जिथल्या तिथे. कपॅसिटर कशाला, हा तोंडी परीक्षेतला प्रश्न इथेच सुटतो. आकृती, कॅल्क्युलेटर आणि वही एवढंच लागत असल्याने पावसात वीज गेली तरी काम अडत नाही.

तिसरा आठवडा मला पटला नाही. फार कोंबलंय त्यात. आरसी फेज शिफ्ट ऑसिलेटरला किमान २९ गेन का लागतो, हे समजायला तीन आरसी टप्प्यांनी सिग्नल २९ पट कमी होतो हे स्वतः सोडवून पाहावं लागतं, आणि त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. वीन ब्रिजला ३ गेन पुरतो, तो आधी करावा. बहिणीच्या वेळापत्रकात मी दोन्ही ऑसिलेटर चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला सरकवले आणि प्रश्नपत्रिकांचे तेवढे दिवस कमी केले. बायसिंगच्या आठवड्यातला मात्र एक दिवसही कमी केलेला नाही.