मोका पॉट, आठ महिन्यांनंतर: दोष भांड्याचा नव्हता, आचेचा होता

गेल्या आठवड्यात माझ्या तीन कपांच्या मोका पॉटचं, म्हणजे खालचं पाणी वाफेच्या दाबाने पावडरीतून वर ढकलून कॉफी करणाऱ्या भांड्याचं, हँडल गॅसच्या ज्योतीने वितळलं. दुकानदाराने वॉरंटी लागू नाही म्हणून हात झटकले. मला अजून राग आहे, कारण छोट्या भांड्याला किती आच चालते हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझी कॉफी जळकट व्हायची, त्याचं मूळही आचेतच होतं.

पहिले दोन महिने घोट घेतला की जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटायचं. मी ॲल्युमिनियमला दोष दिला, स्टीलचा पॉट घ्यायलाही निघालो होतो. ते मत आता मागे घेतो. नव्या पॉटमधल्या पहिल्या तीन खेपा ओतून द्यायच्या असतात, त्या मी प्यायलो होतो. शिवाय ओला चोथा रात्रभर आत ठेवून सकाळी तारेच्या घासणीने घासायचो. आता लगेच गरम पाण्याने धुतो, पुसतो आणि भाग सुटे ठेवून वाळवतो. धातूची चव गेली, जळकटपणा मात्र राहिला.

मग एका रविवारी तीच पावडर आणि तेवढंच पाणी घेऊन लागोपाठ दोनदा कॉफी केली. एकदा मोठ्या बर्नरवर, एकदा सर्वात छोट्या बर्नरवर सिम करून. पहिली कडूजार झाली, दुसरी गोडसर. ज्योत बुडाच्या काठाबाहेर दिसता कामा नये. पॉट शेगडीवर नीट उभा राहत नाही, म्हणून मी खाली पापडाची जाळी ठेवतो.

पाणी आधी उकळून घेतो, म्हणजे पावडर शेगडीवर फार वेळ तापत राहत नाही. भरतो ते वाल्व्हच्या जरा खालपर्यंत, माझ्या पॉटमध्ये साधारण दीडशे मिली. वाल्व्ह पाण्याखाली जाऊ देऊ नका, तो दाब फार वाढला तर वाफ सोडण्यासाठी आहे. खालचा भाग फडक्याने धरून आवळा, चटका बसतो. पावडर बारीक मिठाइतकी, सपाट भरलेली, न दाबलेली. चिकोरीवाली फिल्टर पावडर नको, ती जाळीत अडकते.

झाकण उघडं ठेवून बघत राहतो. अडीच मिनिटांच्या आसपास गडद धार सुरू होते, मिनिटभरात ती मधाच्या रंगाची होते. रंग फिका पडून पहिली फसफस ऐकू आली की उतरवायचं आणि बूड नळाखाली धरायचं. त्या क्षणी खालचं पाणी संपत आलेलं असतं, पुढे वाफच पावडरीतून जाते आणि कडवटपणा ओढून आणते. मी पूर्वी गुडगुड थांबेपर्यंत वाट पाहायचो.

सातव्या महिन्यात कॉफी परत जळकट लागू लागली. रबरी रिंग कडक झाली होती, सांध्यातून वाफ निसटत होती, धार मंद पडली म्हणून मी नकळत आच वाढवत होतो. रिंग बदलली, आच पुन्हा सिमवर आणली. नवं हँडल मात्र पदरचे पैसे घालून मागवलं आहे.